सीजीनॅटमागचा घरचा व्हीपीएन आणि भाड्याचा व्हीपीएस: पावसाळा काढल्यानंतरचं मत

मे महिन्यात हे लिहायला बसलो असतो, तर "डोळे झाकून करा, पैसे वसूल" एवढ्यावर भागलं असतं. मग पाऊस सुरू झाला. कराडच्या घरी वीज जायला-यायला लागली आणि वीज परत आली तरी घरचा व्हीपीएन लगेच परत येईना. कधी दहा मिनिटांनी यायचा, कधी पाऊण तासाने. राउटर चालू, दिवे हिरवे, बाबांचा मोबाइल घरच्या वायफायवर मजेत, आणि मी पुण्यात हात चोळत बसलेलो. त्यामुळे या अनुभवाचा बराचसा भाग त्या एकाच दुखण्यावर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. बाकीची व्यवस्था मुकाट्याने काम करते, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं तसं कमी आहे.

आधी थोडक्यात मांडणी. कराडला आईबाबा आहेत, मी पुण्यात आणि ताई जर्मनीत. घरी एक जुना रास्पबेरी पाय ४ आहे, त्याला हार्ड डिस्क लावलेली. त्यावर सगळ्यांचे फोटो, जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रं, आणि त्याच नेटवर्कवर गेटवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. मला आणि ताईला हे बाहेरून बघायचं असतं. शिवाय ताईला इथल्या काही सरकारी साइट तिकडून उघडत नाहीत, म्हणून तिला कराडच्या कनेक्शनमधून बाहेर पडायचा रस्ता हवा. सगळं वायरगार्डवर. पोर्ट उघडायचा आणि झालं, असं कुणालाही वाटेल.

झालं नाही, कारण गावातल्या फायबरवाल्याने आमच्या राउटरला दिलेला पत्ता `100.72.` ने सुरू होतो. `100.64.0.0` पासून `100.127.255.255` पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास सीजीनॅटच्या कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४चे पत्ते संपत आले, म्हणून कंपनी शेकडो घरांना असे आतले पत्ते देते आणि बाहेर जाताना सगळ्यांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे उभं करते. तुमच्याकडे काय आहे ते दोन मिनिटांत कळतं. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी बघा आणि ब्राउझरमध्ये कुठल्याही "माझा आयपी" साइटवर दिसणारा आकडा बघा. दोन्ही वेगळे असतील, तर राउटरमध्ये केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आपल्या फ्लॅटचं दार उघडं ठेवून सोसायटीच्या बंद गेटवर पाहुण्यांची वाट बघणं.

कंपनीला फोन केला. संवाद जसाच्या तसा देतो.

"सर, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलंत का?"

"केलंय. पण तुमच्याकडून राउटरलाच पब्लिक आयपी येत नाहीये."

"येतोय की सर, शंभरने सुरू होणारा."

"अहो, तोच तर प्रायव्हेट आहे."

"मग पब्लिक पाहिजे तर बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल, सर."

बिझनेस प्लॅन म्हणजे तोच वेग, तीच वायर, आणि दरमहा हजाराच्या आसपास जास्त. एका पत्त्यासाठी हजार रुपये माझ्या हातून सुटणार नव्हते. म्हणून मुंबईच्या डेटा सेंटरमधला सगळ्यात लहान व्हीपीएस घेतला. एक कोर, एक जीबी रॅम, जीएसटी धरून महिन्याला साडेचारशेच्या घरात. बिल डॉलरमध्ये येतं, त्यामुळे आकडा दर महिन्याला थोडा हलतो. जर्मनीत याहून स्वस्त मिळत होता, पण मग पुण्याहून कराडला जाणारा प्रत्येक फोटो युरोपची वारी करून आला असता. व्हीपीएस मुंबईत असल्याने पुणे ते कराड हा सगळा फेरा मला वीस मिलिसेकंदांच्या आसपास पडतो.

युक्ती साधी आहे. सीजीनॅटमधून आत येता येत नाही, पण बाहेर जाता येतं. म्हणून घरचा पाय स्वतःहून व्हीपीएसला हाक मारतो आणि तो बोगदा उघडा ठेवतो. बाहेरचे लोक व्हीपीएसच्या पक्क्या पत्त्यावर येतात आणि त्याच बोगद्यातून उलटे घरात शिरतात. पायवरची फाइल एवढीच:

```
[Interface]
Address = 10.66.0.2/24
PrivateKey = ...
MTU = 1420

[Peer]
PublicKey = ...
Endpoint = 203.0.113.10:51820
AllowedIPs = 10.66.0.0/24
PersistentKeepalive = 25
```

सगळी मदार शेवटच्या ओळीवर आहे. कंपनीचं नॅट युडीपीची नोंद थोडा वेळच लक्षात ठेवतं. बोगद्यात शुकशुकाट झाला की नोंद पुसली जाते आणि मग व्हीपीएसकडून आलेलं पाकीट कुणाच्या घरचं, हेच त्याला कळत नाही. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट गेलं की नोंद जिवंत राहते. ही ओळ काढून पाहिली, तर घरून काही पाठवलं की चालायचं आणि थोड्या वेळाने पुण्यातून हाक मारली की सामसूम.

आणि इथे वायरगार्डचं मनापासून कौतुक. कंपनी अधूनमधून आमचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट बदलते. व्हीपीएसवर `wg show` केलं की घरच्या पायसमोरचा `endpoint` आज एक, चार दिवसांनी दुसरा. त्याला काही फरक पडत नाही. नव्या पत्त्यावरून योग्य किल्लीचं पाकीट आलं की तो मुकाट्याने तिकडे वळतो. चालू व्हिडिओसुद्धा तुटत नाही.

आता मत बदललं ती पहिली जागा. सुरुवातीला व्हीपीएस हाच मधला चौक होता. ताईचा फोन, माझा फोन, घर, सगळे त्याला जोडलेले, आणि तो एकाचं उघडून दुसऱ्यासाठी पुन्हा बंद करायचा. चालायचं उत्तम. पण "उघडून" हा भाग डोक्यात राहिला. मशीन दुसऱ्याचं, आणि सातबारे त्याच्या मेमरीतून उघडे जाणार. म्हणून काही महिन्यांनी व्हीपीएसला निव्वळ पोस्टमन केलं. पायवर `wg1` नावाचा दुसरा वायरगार्ड उभा केला, फोनच्या किल्ल्या फक्त त्याच्याकडे. व्हीपीएस नुसतं बंद पाकीट पुढे ढकलतो:

```
iptables -t nat -A PREROUTING -i eth0 -p udp --dport 51821 \
  -j DNAT --to-destination 10.66.0.2:51821
iptables -t nat -A POSTROUTING -o wg0 -p udp --dport 51821 \
  -j MASQUERADE
```

सोबत `net.ipv4.ip_forward=1` हवं, आणि फायरवॉल कडक असेल तर त्या पोर्टला पुढे जायची परवानगीही. व्हीपीएसला आता कोण आलं आणि किती डेटा गेला एवढंच दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. बदल्यात एक गोष्ट गमावली. पायवर `wg show wg1` केलं की ताई असो वा मी, प्रत्येकाचा पत्ता `10.66.0.1` दिसतो. खरा पत्ता बघायचा तर व्हीपीएसवर जावं लागतं.

हा बदल केला आणि फोनमधून घरी फोटो चढेनात. गंमत म्हणजे घरचे फोटो फोनवर छान दिसायचे, मेसेजएवढ्या छोट्या गोष्टी दोन्हीकडे जायच्या, फक्त बॅकअप पहिल्याच फोटोवर गोल गोल फिरत राहायचा. छोटं जातं आणि मोठं अडकतं असं दिसलं, की वेगाची चौकशी सोडा आणि एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, बघा. बोगद्यात आता बोगदा आहे. बाहेरच्या `wg0` मधून १४२० बाइटचं पाकीट जातं. आतल्या वायरगार्डचं वेष्टण आयपीव्ही४वर ६० बाइटचं. म्हणजे आतल्याला १३६० च्या वर जाऊन चालणार नाही. फोनच्या क्यूआरमध्ये मात्र जुन्या मांडणीची `MTU = 1420` ओळ होती, त्यामुळे फोन १४८० ची पाकिटं व्हीपीएसपर्यंत आणून सोडायचा आणि ती पुढच्या तोंडात मावायची नाहीत. घराकडून फोनकडे येताना पाय स्वतःच पाकिटाचे तुकडे करून पाठवतो, म्हणून ती दिशा चालत होती. पायच्या `wg1` मध्ये आणि फोनमध्ये दोन्हीकडे १३६० लिहिलं आणि बॅकअप धावला. ती ओळ क्यूआरमध्ये नसतीच, तर अँड्रॉइडचं ॲप स्वतःहून १२८० धरतं आणि हा प्रकार दिसलाही नसता.

इथवर मी खूश होतो. आता पावसाळा.

लक्षणं पुन्हा सांगतो, कारण निदान त्यातच होतं. वीज दहा मिनिटं गेलेली असो वा चार तास, परत आल्यावर व्हीपीएन यायला लागणारा वेळ त्या चार तासांवर अवलंबून नव्हता. कधी दहा मिनिटं, कधी पंचेचाळीस, पण तासाच्या पुढे कधीच नाही. आणि येताना आपोआप यायचा, कुणी काही न करता. पहिला संशय अर्थातच कंपनीवर. बाबांना फोन लावला, "बाबा, पायच्या डब्यावरचा दिवा बघा ना." "अरे, लाल लागलाय आणि हिरवा लुकलुकतोय. बंद करून चालू करू का?" ते बंद-चालू करायचे आणि कधी उपयोग व्हायचा नाही, कधी आणखीच उशीर व्हायचा. उशीर का व्हायचा, तेही पुढे कळेल.

पुढच्या वेळी वीज आल्याबरोबर व्हीपीएसवर बसून पाहिलं:

```
tcpdump -ni eth0 udp port 51820
```

घरून पाकिटं येत होती. साधारण पाच-पाच सेकंदांनी एक, प्रत्येकाची लांबी `length 148`. वायरगार्डचं पहिलं "ओळखलंत का?" नेमकं १४८ बाइटचं असतं आणि उत्तर ९२ चं. मला १४८ च्या ओळींमागून ओळी दिसत होत्या आणि ९२ ची एकही नाही. म्हणजे नॅट ठीक, कंपनी निर्दोष (हे लिहितानाही जिवावर येतंय), किल्ल्याही त्याच. व्हीपीएस हाक ऐकून गप्प बसत होता.

कारण घड्याळ. त्या पहिल्या पाकिटात पाठवणाऱ्याची वेळ गुप्त करून घातलेली असते. समोरचा प्रत्येक जोडीदाराची शेवटची वेळ लक्षात ठेवतो आणि त्याहून जुन्या वेळेचं पाकीट आलं तर ते टाकून देतो, ब्र न काढता. कुणी तुमचं जुनं पाकीट पकडून पुन्हा पाठवलं तर फसू नये, म्हणून ही सोय. पाय ४ ला मात्र बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. त्यावरच्या जुन्या सिस्टिममध्ये `fake-hwclock` तासातून एकदा वेळ कार्डावर लिहून ठेवतं आणि अचानक वीज गेली की पुढच्या वेळी तिथूनच मोजायला लागतं.

एक वेळ मांडून बघा. शेवटची नोंद २:१७ ला. त्यानंतर व्हीपीएसशी शेवटची ओळख पटली २:५० ला आणि लगेच वीज गेली. वीज आली ४ वाजता. पाय जागा होतो आणि त्याच्या मते २:१७ वाजलेत. व्हीपीएसला २:५० आठवतंय, तो २:१७ चं पाकीट घेत नाही, २:१८ चंही नाही. पाय आपल्या गतीने मोजत राहतो आणि तेहतीस मिनिटांनी त्याच्या घड्याळात २:५० उलटले की दार उघडतं. वीज किती वेळ गेली याचा संबंध नाही, शेवटची नोंद किती जुनी होती याचा आहे. म्हणून कमाल एक तास. आणि बाबा मधेच प्लग काढायचे, तेव्हा पाय पुन्हा २:१७ वर जाऊन पहिल्यापासून मोजायला लागायचा.

"पण इंटरनेटवरून वेळ का नाही घेत?" हा बरोबर प्रश्न आहे. घेतो. त्यासाठी टाइम सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि त्यावेळी पायच्या `wg0` फाइलमध्ये आणखी एक ओळ होती, `DNS = 10.66.0.1`. नावं शोधायची ती बोगद्यातून व्हीपीएसला विचारून. बोगदा नाही म्हणून नाव सापडत नाही, नाव नाही म्हणून वेळ नाही, वेळ नाही म्हणून बोगदा नाही. बहुतेक ठिकाणी नमुन्याच्या फाइलमध्ये ही ओळ असते आणि फोनसाठी ती योग्यही आहे. बिनघड्याळाच्या सर्व्हरवर ती विष आहे. वर दिलेल्या फाइलमध्ये ती नाही, हे मुद्दाम.

ओळ काढली, पाय आता राउटरलाच नावं विचारतो. वीज आल्यावर राउटर आणि फायबरचा डबा उठायला लागतो तेवढाच वेळ, दोन-तीन मिनिटं. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून दोनशेच्या आतलं डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल घेतलं. पायच्या पिनांवर बसतं, नाण्याएवढा सेल असतो. `config.txt` मध्ये `dtoverlay=i2c-rtc,ds3231` लिहायचं आणि `fake-hwclock` काढून टाकायचं. आता राउटरच्या आधी पायला वेळ कळते. कुणाला लगेच सुटका हवी असेल आणि घरापासून लांब असेल, तर व्हीपीएसवर `wg-quick down wg0` आणि मग `up` करा. त्याची आठवण पुसली जाते आणि जुन्या वेळेचं पाकीटही तो घेतो. हे मला आधी माहीत असतं, तर बाबांना दिवे मोजायला लावले नसते.

दोनशे रुपयांच्या घड्याळावर एवढा मजकूर का, असं कुणी म्हणेल. कारण सीजीनॅटवर लिहिणारे सगळे पत्ता, पोर्ट आणि किल्ल्यांवर लिहितात, आणि हा सर्व्हर जिथे असतो ते घर मात्र आपल्याकडे पावसाळ्यात रोज अंधारात जातं. उघडा पोर्ट असता, तर घर ऐकणारं असतं आणि त्याच्या घड्याळाचं कुणाला सोयरसुतक नसतं. हाक मारायची पाळी घरावर आली, ती सीजीनॅटमुळे.

ताईचं मत थोडक्यात: साइट उघडतात, पान दिसायला जरा वेळ लागतो. तिची वाट जर्मनी, मुंबई, कराड आणि मग साइट अशी आहे, त्यामुळे तक्रार नाही. तिला थेट व्हीपीएसवरूनच बाहेर सोडून पाहिलं होतं, वेग वाढला, पण डेटा सेंटरचा पत्ता बघून दोन साइटनी दार लावून घेतलं. घरचा पत्ता लागतोच.

हे सगळं टाळायचं असेल तर टेलस्केल आहे. सीजीनॅटमधून तेही जातं, बऱ्याचदा दोन टोकांची थेट गाठ घालून देतं, व्हीपीएसही लागत नाही. मित्राकडे मीच बसवून दिलं. मला स्वतःला खातं आणि ओळखपत्र दुसऱ्या कंपनीकडे ठेवायचं नव्हतं, एवढंच. आणि तुमची कंपनी आयपीव्ही६ देत असेल तर आधी ते तपासा. तिथे नॅटची भानगड नसते, राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट दिली की थेट घर गाठता येतं. अडचण एवढीच की तुम्ही ज्या हॉटेलच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर असाल, तिथेही आयपीव्ही६ हवं. आमच्या फायबरवाल्याकडे ते नाहीच, विचारल्यावर "ते अजून आपल्याकडे आलं नाही, सर" असं उत्तर मिळालं.

खर्चाचं गणित शेवटी सुधारलं ते मावसभावामुळे. इचलकरंजीला त्याचंही घर सीजीनॅटमागे. त्याला `10.66.0.3` दिला आणि पोर्ट `51822`, वरच्यासारख्याच दोन ओळी. व्हीपीएसचा प्रोसेसर जागाही होत नाही, महिन्याच्या एक टीबीमधला जेमतेम काही टक्के वापरला जातो. फक्त प्लॅन घेताना ती मर्यादा एकाच बाजूने मोजतात की येणारा-जाणारा दोन्ही डेटा, ते वाचून घ्या. मधल्या मशीनमधून प्रत्येक बाइट एकदा आत येतो आणि एकदा बाहेर जातो, दोन्ही मोजले तर टीबीचा अर्धाच तुमचा. दोघांत मिळून आता प्रत्येकी सव्वादोनशे. तिसरा चुलतभाऊ साताऱ्यातून विचारतोय, त्याच्याकडेही पायच आहे. त्याला म्हटलं, आधी घड्याळाचं मॉड्यूल मागव, मग किल्ली देतो.